जिममधल्या मैत्रिणीशी (किंवा मित्राशी) मेसेजवर फ्लर्ट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगरात सिडकोकडच्या एका जिमच्या काउंटरवर मी बरेच दिवस बसायचे. फी, हजेरीचं रजिस्टर, टॉवेल विसरलेल्यांना टॉवेल, सगळं माझ्याकडंच, त्यामुळं कोण कोणासाठी बॅच बदलतंय ते मला ट्रेनर सरांच्या आधी कळायचं आणि मग मोबाईल पुढं करून "ताई, हे बघा, याला काय उत्तर देऊ" हे पण माझ्याकडंच यायचं. पोरं पण यायची, पोरी पण. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

नंबर कुठून घ्यायचा? रजिस्टरमध्ये आहेच की.

आहे, पण तो फीसाठी दिलाय, तुमच्यासाठी नाही. किती जणांनी मला चहा पाजून तो नंबर मागितला असेल, एकालाही दिला नाही. बॅचच्या ग्रुपमधून उचलून रात्री अकराला "हाय" टाकणं हा पण त्याचाच भाऊ. समोरच्या पोरीला पहिला प्रश्न हाच पडतो की याला नंबर दिला कोणी, आणि तिथून पुढं तुम्ही कितीही गोड लिहा, ती आधी ते शोधत बसते.

सोपं म्हणजे समोरासमोर, कामाचं काहीतरी निमित्त धरून, आणि तिचा मागण्यापेक्षा आपला द्यायचा. संध्याकाळी सातला स्क्वॉटच्या रॅकला रांग असते हे सगळ्या जिममध्ये खरं आहे. "मी साडेसहाला येतो, रॅक मोकळा असला तर सांगत जाईन, हा माझा नंबर, वाटलं तर मिस कॉल द्या." आता मिस कॉल द्यायचा की नाही हे तिच्या हातात. दिला नाही तर रॅकचीच गोष्ट होती, कोणाचीच मान खाली नाही.

पहिला मेसेज काय टाकू?

"जेवलीस का" नको. "काय करायलीस" पण नको, त्याला उत्तर "काही नाही" एवढंच येतं आणि तुम्ही परत शून्यावर. त्या दिवशी जिममध्ये दोघांनी बघितलेली एक गोष्ट घ्या, बारकी, आणि तिला एका ओळीत उत्तर देता येईल अशी. "आज त्या काकांनी ट्रेडमिलवर फोनवर अख्खं लग्न ठरवलं, ऐकलं का तुम्ही?" असं. यात फ्लर्टिंग काहीच नाही म्हणाल, तर बरोबरच आहे, पहिल्या मेसेजमध्ये नसतंच ते. फक्त आपण दोघं एकाच खोलीत होतो आणि एकाच गोष्टीला हसलो एवढं त्यातून जातंय.

तिची प्रोग्रेस दिसतेय खरंच, मग "बारीक झालीस" म्हणायला काय हरकत?

हरकत आहे, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार.

एक तर वजन दिवसातल्या दिवसात किलो-दीड किलो वरखाली होतं, पाण्यानं, मिठानं, पाळीच्या दिवसांनी. ज्या दिवशी तुम्ही "बारीक दिसायलीस" लिहिता त्याच सकाळी काट्यावर आकडा वाढलेला असू शकतो, मग तुमचं कौतुक तिला टोमणा वाटतं. दुसरं, ती बारीक व्हायला आलीय हे तुम्हाला कोणी सांगितलं? कितीतरी पोरी पाठदुखीसाठी येतात, पोलीस भरतीच्या गोळाफेकीसाठी येतात, कोणी घरातून तासभर सुटका म्हणून येतं. आणि तिसरं असं की शरीरावर कमेंट केली की तुम्ही तिच्याकडं बघत होता हे आधी कळतं, आणि ती काय करत होती हे तुम्हाला दिसलंच नाही हे पण कळतं.

ती स्वतः जे मोजते त्यावर बोला. ती वहीत स्क्वॉटचे किलो लिहीत असेल तर किलो, प्लँकचे सेकंद मोजत असेल तर सेकंद. पण आकडा नीट घ्या हो. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा, पण आपल्याकडच्या जिममध्ये जुने रॉड कोणते दहाचे, कोणते पंधराचे, त्यावर काही लिहिलेलं नसतं, कोणाला तरी सेलोटेप लावलेली असते तीच खूण. तिनं टेपवाल्या पंधराच्या रॉडवर दोन्हीकडं दहा-दहा लावले असले तर ते ३५ झाले, ४० नाही. तुम्ही "चाळीस मारले!" लिहिलं तर ती "पस्तीस हो" म्हणून दुरुस्त करेल आणि तुम्ही नुसतं वरवर बघितलं हे ठरलं. उलट "तो टेपवाला रॉड तुम्ही सोडतच नाही, आमच्या नशिबी तो कधी" या एका ओळीत लई काही येतं, तिच्या शरीराचं नाव न काढता.

एखादं खरं उदाहरण द्या ना, नुसतं असं करा तसं करा नको.

देते. दोघांनी हो म्हटलंय, ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय. तो बँकेत, ती परभणीकडची, इथं राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. संध्याकाळची बॅच, मंगळवारी लेग्ज. तिचं स्क्वॉटचं टार्गेट ५० होतं आणि ती ४० वर कितीतरी दिवस अडकलेली. नंबर एकमेकांकडं आधीपासून होते, रॅकमुळंच. मंगळवारी रात्री साडेनऊला त्यानं लिहिलं:

"शेवटच्या सेटनंतर तुम्ही सरांकडं असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरकलो."

ती: "त्यांनी न सांगता अडीच-अडीच लावले दोन्हीकडं!! मला रॉड वर येईपर्यंत माहितीच नाही"

तो: "म्हणजे ४५ गेले. अभिनंदन, फसवून का होईना."

ती: "आता उद्या जिना कसा उतरू"

तो: "उद्या उतराल. खरी मजा परवा. गुरुवारी सांगा."

इथं त्यानं फोन ठेवला. हे बघा, स्नायू दुखतात ते लगेच नाही, साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त, त्यामुळं "परवा" हे त्यानं उगाच नाही लिहिलं, ते खरंच होणार होतं. आणि गुरुवारपर्यंत त्यानं एकही मेसेज टाकला नाही, बुधवारी "दुखतंय का?" पण नाही. मला विचाराल तर सगळ्या चॅटमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. गुरुवारी दुपारी तिचा आपणहून आला:

"सांगतेय. गुरुवार आहे. लायब्ररीचा जिना बसून उतरले, सगळे बघायलेत"

आता बॉल तिनं टाकला होता. त्यानं "हाहाहा" करून सोडलं नाही, "कोणत्या पायरीपासून बसून? मार्क द्यायचेत" असं काहीतरी लिहिलं आणि मग ते अर्धा तास चाललं. त्यातच ती म्हणाली, "ते तुम्ही-तुम्ही बंद करा, सरांसारखं वाटतंय." अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कोणी यायचं याचा नियम नाही, पण वय आणि ओळख बेताची असेल तर पोरीकडून येऊ द्यावं, घाई करणाऱ्याचं "तू" कानाला बोचतं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. ४५ वरून तिला ५० वर जायचं होतं, मध्ये काहीच नाही, कारण त्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीचची, दोन्हीकडं लावली की थेट पाच किलोची उडी. पायाच्या व्यायामात सुरुवातीला पाच चालून जातात, अडकल्यावर नाही चालत. त्यानं सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत आणल्या. तिच्या हातात नाही दिल्या, गुलाबी कागदात नाही गुंडाळल्या, सरांना सांगून रॅकवर सगळ्यांसाठी ठेवल्या, आणि तिला एवढंच लिहिलं: "आपल्या जिमला साडेसत्तेचाळीस आलंय. बघ शनिवारी." ती वस्तू सगळ्यांची आहे म्हणून तिच्यावर उपकाराचं ओझं नाही, पण कोणासाठी आली हे तिला पक्कं माहिती.

शनिवारी ४७.५ गेले. रात्री त्याचा मेसेज: "५० गेले की गुलमंडीची इमरती माझ्याकडून. नाही गेले तर तुझ्याकडून." ती: "म्हणजे दोन्हीकडून इमरतीच ना 😂" तो: "हिशेबात पक्की आहेस."

फॉर्म चेकचा व्हिडिओ पाठवला तर चालतं का?

स्वतःचा पाठवा, तिचा कधीच मागू नका. "तुझा स्क्वॉटचा व्हिडिओ पाठव, मी चूक सांगतो" या वाक्याचा वास कोणालाही येतो. आपला पाठवताना कॅमेरा बाजूनं, कमरेच्या उंचीवर, चार-पाच पावलं लांब, शर्ट घालून, एकच सेट, आणि एकच प्रश्न: "खाली गेल्यावर टाच उचलतेय का?" आरशासमोर दंड फुगवून पाठवला आणि खाली "फॉर्म बरोबर आहे का" लिहिलं तर ती मैत्रिणींना दाखवून हसणार, आणि हसावंच.

तिनं आपणहून तिचा पाठवला तर ती विश्वासाची गोष्ट आहे. एकच सुधारणा सांगा, तीही तिनं विचारली असेल तर, आणि आधी जे जमलंय ते. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आपोआप गॅलरीत जाऊन बसतो, घरातली पोरं गॅलरी उघडतात, तेव्हा तो तिथून काढून टाका, आणि मित्राला फॉरवर्ड तर अजिबात नाही. तिला सांगू पण शकता की एकदाच दिसणारा पाठव.

आणि फुकटचे ट्रेनर होऊ नका. रोज "गुडघे बाहेर, छाती वर" लिहिणाऱ्यावर कोणी भाळत नाही, त्याला माणसं सर म्हणतात.

तिला पण आवडतंय हे कसं ओळखायचं?

उत्तर किती मिनिटांत आलं यावरून नाही. निळ्या टिक बंद करता येतात, कोणी अभ्यासाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवतं, कोणाच्या घरी एकच चार्जर असतो. मी तीन गोष्टी बघायला सांगायचे.

सुट्टीच्या दिवशी काय होतं ते बघा. आपल्याकडं बऱ्याच जिम रविवारी बंद. रोज बोलणारी माणसं रविवारी गप्प असतील तर ती जिमची मैत्री आहे, छान आहे, तेवढीच आहे. रविवारी काही कारण नसताना "आईनं धपाटे केलेत, डाएट गेलं" असा फोटो आला तर बोलणं जिमच्या दाराबाहेर पडलं.

दुसरं, ती न येण्याचं तुम्हाला आधी सांगते का. "उद्या नाही यायले, लातूरला लग्नाला चाललेय" हे ग्रुपवर न टाकता तुम्हाला टाकलं तर तुमच्या वाट बघण्याचा हिशेब तिच्या डोक्यात आहे.

तिसरं म्हणजे वर स्क्रोल करा. दिवसाचा पहिला मेसेज कायम तुमचाच आहे का? तिची उत्तरं "हो", "हम्म", अंगठा, एवढीच का? मग तुम्ही एकटेच रेप्स मारताय. आठवडाभर पहिला मेसेज टाकू नका, रुसून नाही, साधंच. काहीच आलं नाही तर उत्तर मिळालं.

पोरीनं सुरुवात केली तर?

करा की. वरचं सगळं पोरींना पण तसंच लागू. फक्त एक, पोराला "किती बारीक आहेस, काही खात जा" हे चेष्टेत पण लिहू नका, वजन वाढावं म्हणून केळी आणि शेंगदाणे कोंबणारी पोरं त्यावर किती रडतात ते मी काउंटरवरून बघितलंय.

ट्रेनर सर खूप छान रिप्लाय देतात, काय समजू?

चांगले ट्रेनर आहेत असं समजा. मेंबर टिकवणं त्यांचं काम आहे, "शाब्बास, उद्या वेळेवर" हे ते चाळीस जणांना टाकतात. खरंच काही असेल तर ते फीच्या आणि डाएट चार्टच्या बाहेरचं काहीतरी आपणहून बोलतील. आणि मेंबरला रात्री-बेरात्री मेसेज टाकणारे सर असतील तर ते छान नाही, ते मालकाला सांगा.

डान्स क्लास किंवा श्रमदानाच्या ग्रुपमधली ओळख असेल तर?

डान्समध्ये किलो नसतात, स्टेप असते. नवरात्राआधी गरब्याच्या क्लासला गर्दी होते तेव्हा ज्या गिरकीला दोघं रोज चुकतात तीच पकडायची: "तू डावीकडं गेलीस म्हणून मी पण गेलो, चूक शेअर करू." पार्टनर डान्स असेल तर हात-कंबर-पकड यावरची चेष्टा मेसेजमध्ये आणू नका. क्लासमध्ये तो स्पर्श स्टेपचा असतो, रात्री त्यावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी तिला स्टेप करताना अवघडतं.

श्रमदानात मोजमाप सगळ्यांचं मिळून असतं. २०१६ ला पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपात, म्हणजे गावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, आपल्याकडचा अंबाजोगाई तालुका होता, तेव्हापासून समतल चर, घमेलं, घनमीटर हे शब्द गावागावात झाले. तिथं "तू किती खोदलंस" नाही, "आपला चर" म्हणायचं. पाऊस पडल्यावर त्याच चरात पाणी साचलेला फोटो तिला पाठवणं, नुसता, "आपल्या खड्ड्याला पाणी लागलं" लिहून, याच्यापुढं गुड मॉर्निंगची फुलं काहीच नाहीत.

मध्येच तिनं यायचं बंद केलं. मेसेज करू का?

करा, एकदा. कारण उपास असेल, परीक्षा असेल, पैशाची अडचण पण असते, फी थकली की माणसं तोंड लपवतात हे मला पक्कं माहितीय. म्हणून "चार दिवस झाले कुठंयस??" असा हजेरीचा हिशेब मागू नका. "टेपवाला रॉड आता मीच वापरतोय, तू येशील तेव्हा परत देईन." बस. यायचं असेल तर दार उघडं, नसेल तर उत्तर द्यायचं बंधन नाही.

जिमबाहेर भेटायला कसं विचारू?

दिवस, वेळ, जागा, आणि नाही म्हणायची सोय, हे चारही एकाच मेसेजात. "कधीतरी भेटू" याला "हो नक्की" येतं आणि विषय संपतो. वरच्या बँकवाल्यानं लिहिलं होतं: "रविवारी पहाटे सहाला गोगाबाबा टेकडी, ऊन चढायच्या आत खाली. तुझी मैत्रीण पण येऊ दे. नाही जमलं तर सोमवारी रॅकवर आहेच मी."

पहाटेची टेकडी कामून, तर तिथं फिरायला येणारी गर्दी असते, व्यायामाचंच निमित्त आहे, आणि कोणाच्या मामानं बघितलं तरी सांगायला अवघड जात नाही. आपल्या गावांत मामा सगळीकडं असतात. हिवाळा असेल तर बॅचच्या पाच-सहा जणांचा हुरडा ठरवा, शेतात, त्यात दोघं. इमरती नंतर. रात्री नऊनंतरची कॉफी पहिल्या भेटीला सुचवू नका, होस्टेलला वेळेची अट असते आणि तिला नाही म्हणताना उगाच कारणं शोधावी लागतात.

नाही म्हणाली. आता रोज तोंड दिसणार, काय करू?

"बरं, सांगितलंस ते चांगलं केलंस. सोमवारी भेटू." एवढंच लिहा आणि सोमवारी खरंच नेहमीसारखं जा. बॅच तडकाफडकी बदलू नका, दुखरं स्टेटस टाकू नका, तिच्या मैत्रिणीला विचारू नका की नक्की कामून नाही म्हणाली. थोडे दिवस मेसेज थांबवा, समोर दिसली की मान हलवा, रॅक तिचा असेल तर तिला द्या. महिनाभरात साधं होतं बहुतेक वेळा.

"अभ्यास चालूय", "घरचे चिडतात", "बघू" हे पण नाहीच आहे, फक्त सभ्य आवाजात. नको म्हटल्यावर किंवा तिनं ब्लॉक केल्यावर दुसऱ्या नंबरवरून मेसेज, तिचं ऑनलाइन असणं तपासत बसणं, जिमबाहेर वाट बघत उभं राहणं, याला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं, पाठलाग म्हणून, पहिल्यांदा दोषी ठरलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरींनी अशा वेळी स्क्रीनशॉट ठेवावेत, डिलीट करू नयेत, आणि मालकाला लेखी सांगावं.

सगळ्या जिमला कळालं तर?

कळणारच. काउंटरवाल्या ताईला तर तुमच्या आधी कळालेलं असतंय. चिडवतील, सर मुद्दाम दोघांना एकाच बेंचवर पाठवतील, त्याला हसून घ्यावं. फक्त बॅचच्या ग्रुपवर एकमेकांच्या मेसेजखाली बदाम टाकू नका, आणि दोघांनी एकाच संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतरानं "आज जमणार नाही सर" लिहू नका.